साठ दिवसांचे तीस दिवस

शिरोली एमआयडीसीत आमचं पंपाच्या शाफ्टचं टर्निंगचं युनिट आहे. दोन सीएनसी, एक ग्राइंडर, सात माणसं, आणि हिशेबाला घरचीच व्यक्ती, म्हणजे माझी बायको. सबमर्सिबल पंपाचे शाफ्ट एसएस ४१० मध्ये आणि बाकीचे ईएन ८ मध्ये करतो. आमच्या निम्म्याच्या आसपास कामाचा आधार असलेला एक पंपवाला आहे, पहिल्या वर्षापासूनचा. थोरल्या मालकांना आम्ही आबा म्हणतो. पहिली ऑर्डर त्यांनी माझ्याकडे एकच जुनी लेथ असताना दिली होती, त्यामुळे त्यांच्याशी पैशाचं बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

साठ दिवसांची उधारी तेव्हाच ठरली होती, आणि तेव्हा ती जड नव्हती. शाफ्टसाठी स्टीलचे बार देणारा बारवाला आम्हाला पंचेचाळीस दिवस द्यायचा. मधल्या पंधरा दिवसांची सोय केली की भागायचं. २०२१-२२ मध्ये स्टीलचे भाव उसळले आणि बारवाल्याने हात आखडता घेतला. आधी तीस दिवस, मग सात. भाव खाली आले तरी सात दिवस तसेच राहिले. आमचा ग्राहक मात्र साठावरच. म्हणजे पंधरा दिवसांचं अंतर त्रेपन्नावर गेलं, आणि ते भरायला बँकेची सीसी, म्हणजे व्याजाने उचललेलं कॅश क्रेडिट.

साठाचे तीस दिवस करा, हे पहिल्यांदा मी मागितलं ते चुकीच्या पद्धतीने. त्यांच्या अकाउंटच्या साहेबांना फोन करून म्हणालो, "साहेब, फार ओढाताण चाललीय, जरा तीस दिवसांत द्या की." ते म्हणाले, "सगळ्यांचंच तसं चाललंय." एक बिल लवकर सोडलं, बस्स. पण महिन्याभरात कळलं की परचेसने आमचेच दोन शाफ्ट दुसऱ्या एकाकडे सॅम्पलला दिलेत. आपण अडचण सांगतो तेव्हा समोरच्याला ऐकू येतं की हा गडी आता टिकत नाही. मग तो पर्याय बघणारच. त्यांच्या जागी मीही बघितला असता.

दुसऱ्यांदा जायच्या आधी बायकोने टॅलीतून वर्षाचं लेजर काढलं आणि प्रत्येक बिलापुढे पैसे आल्याची तारीख पेनाने लिहिली. त्यातलं एक बिल सांगतो. तारीख ४ जानेवारी २०२४, माल त्याच दिवशी गेटवर. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद, ६ तारखेला झाला. सहा शाफ्ट इन्स्पेक्शनला अडले म्हणून अख्खं बिल अकाउंटला ११ तारखेला गेलं. तिथून साठ दिवस मोजले, ११ मार्च. पेमेंट सोडायचे दिवस महिन्यात दोनच, ७ आणि २२. पैसे आले २२ मार्चला. साठ म्हणता म्हणता अठ्ठ्याहत्तर दिवस! वर्षाची सरासरी चौऱ्याहत्तर निघाली. त्या बिलावरचा जीएसटी आम्ही २० फेब्रुवारीलाच भरून मोकळे झालो होतो.

तेव्हा दिवस कुठून मोजायचे हे ठरवल्याशिवाय साठाचे तीस करून उपयोग नव्हता. सहा नग अडले तर सहा नगांची डेबिट नोट काढा, बाकीचं बिल पुढे जाऊ द्या, ही मागणी मी तीस दिवसांच्याही आधी लिहिली.

मग व्याजाचा हिशेब. हंगामात त्यांचं महिन्याचं बिल आठ लाख, जीएसटीसह नऊ लाख चव्वेचाळीस हजार. तेवढे पैसे एक महिना जास्त अडकले तर सीसीच्या साडेदहा टक्क्यांनी आम्हाला आठ हजार दोनशे साठ रुपये पडतात, म्हणजे दरातला जवळजवळ एक टक्का. माझ्या मनात होतं, अर्धा टक्का सूट देऊ म्हणजे मालक खूश.

कायद्याचा मुद्दाही होता. आम्ही उद्यम नोंदणीवाले सूक्ष्म उद्योग. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि एप्रिल २०२३ पासूनच्या खर्चाला प्राप्तिकराचं ४३बी(एच) लागलं. त्या मुदतीबाहेर राहिलेल्या बिलाची वजावट माल घेणाऱ्याला तो पैसे देईल त्या वर्षीच मिळते. फेब्रुवारीत त्यांच्या सीएने आमचं उद्यम प्रमाणपत्र मागवलं होतं आणि ३१ मार्चच्या आत जुनी बिलं भराभर निघाली होती. (दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने तर मला उद्यम नोंदणीच रद्द करायला सांगितलं. ते काम मी सोडलं.) पण आबांपुढे कायदा आपटायचा नाही हे पक्कं होतं. निम्मं काम देणाऱ्याविरुद्ध सरकारच्या समाधान पोर्टलवर थकबाकीची तक्रार टाकणं म्हणजे निकाल लागेपर्यंत मशीन बंद ठेवणं. पत्रात एकच ओळ घातली: "मुदत पंचेचाळीसच्या आत आली तर आपल्या सीए साहेबांचाही मार्चमधला त्रास वाचेल."

भेट जूनमध्ये मागितली. पंपाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. जूनला डीलरकडून पैसे येऊन बसलेले असतात आणि ऑर्डरी उतरलेल्या असतात. मार्चमध्ये गेलो असतो तर चहा मिळाला असता, उत्तर नाही.

आबांनी चष्मा वर करून लेजर वाचलं. ७८ वर बोट ठेवलं आणि मुलाकडे बघून म्हणाले, "हे साठ कुठलं रे?" धाकट्या मालकांनी मात्र माझी सूट तिथल्या तिथे मोडली. "दादा, तुम्ही महिन्याला चार हजार सोडताय. आम्हाला ते पैसे तीस दिवस आधी द्यायला आमच्या सीसीवर सात हजार पडतात. शिवाय बदलताना एका महिन्यात दोन महिन्यांची बिलं भरायची, ते वेगळंच."

हिशेब त्यांचा बरोबर होता. नऊ टक्क्यांनी सात हजार ऐंशी होतात. आणि दोन महिन्यांची बिलं एकदम येण्याचा विचार मी केलाच नव्हता. ग्राहक नको म्हणतो ते बहुतेक याच ओझ्यामुळे, व्याजामुळे नाही.

तिथे आबांनी वाट काढली. एप्रिलमध्ये शाफ्टवाचून त्यांची असेंब्ली दीड दिवस थांबली होती, ते त्यांच्या डोक्यात होतं. "सूट नको. चालणाऱ्या दोन साइजचे पाचशे शाफ्ट हंगामात तयार ठेवशील का?" बारला पैसे मोकळे झाले तर ठेवीन, म्हणालो. पाचशे नग म्हणजे सव्वा लाखाचा माल, आमच्याच्याने झेपणारा.

बदल दोन टप्प्यांत ठरला. १ जुलैपासूनच्या बिलांना पंचेचाळीस दिवस, १ ऑक्टोबरपासूनच्या बिलांना तीस, दोन्ही गेट एंट्रीच्या तारखेपासून. पावसाळ्यात आमचं बिल पाच लाखांवर उतरतं, त्यामुळे बिलं एकावर एक आली तरी त्यांना आठ लाखांचा दणका बसला नाही. जुन्या बिलांना हात लावला नाही. नव्या अटी पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, छापून घेतल्या, नाहीतर अकाउंटची सिस्टीम जुनेच साठ धरते. पहिल्या पीओवर तसंच झालं होतं, बायकोने परत पाठवून दुरुस्त करून घेतला.

पेमेंटचे दिवस अजून ७ आणि २२ च आहेत, त्यामुळे तिसाचे प्रत्यक्षात सदतीस-अडतीस होतात. बायको दर १५ तारखेला अकाउंटच्या साहेबांना पुढच्या २२ ला निघायच्या बिलांची यादी पाठवते. मागच्या रॅकवर पिवळा रंग मारलेल्या टोकांचे पाचशे शाफ्ट तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेले असतात.