आंबा न खाता चढलेली साखर

मे महिन्यात रत्नागिरीतल्या आमच्या मधुमेह क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञाच्या खुर्चीत बसलं की बहुतेकांचा कबुलीजबाब एकाच चालीचा असतो: "मॅडम, दोनच फोडी खाल्ल्या." त्यामुळे एका सकाळी एक बागायतदार काका वही पुढे सरकवून म्हणाले, "औंदा आंबा तोंडाला लावला नाय. तरी साखर बघा," तेव्हा माझा विश्वास बसायला थोडा वेळ लागला.

वय बासष्ट, मधुमेह आठ वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि सकाळी 1 मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड. वही मात्र नीट ठेवलेली. उपाशीपोटी 118, 124, 121. सकाळी अकराच्या सुमारास 286, 312, एकदा तर 341. संध्याकाळी जेवणाआधी 82, 76. अकराचे आकडे बघून काकांनी घाबरून भात बंद केला होता आणि कुणाला न विचारता गोळी दुप्पट केली होती. दुपारी हातपाय थरथरतात, घाम सुटतो, हे त्यांनी उन्हाच्या खात्यावर टाकलं होतं.

वही उलटसुलट वाचली तरी अकराचा डोंगर पटेना. नाश्ता एक घावन आणि चटणी. HbA1c त्याच आठवड्यात केलेलं, 6.9. म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साधारण 150. हंगामाचे पाच-सहा आठवडे त्या सरासरीत थोडे झाकले जातात हे खरं, पण रोज तीनशेवर जाणारा माणूस 82 वर इतक्या सहज उतरत नाही.

"अकराला तुम्ही असता कुठे?"

"आढीवर. पिकलेला माल निवडतो, डागी बाजूला काढतो, पेट्या भरतो. घरी जाऊन कोण येतो? तिथंच टोचतो."

"आणि संध्याकाळचं?"

"आंघोळ करून."

त्या दिवशीही काका माल निवडूनच आले होते, बोटांना वास होता. मी त्यांच्याच मीटरवर, आहे त्याच बोटातून तपासायला सांगितलं: 268. मग साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुवून, कोरडे पुसून दुसऱ्या बोटातून: 149. खात्रीसाठी शिरेतून रक्त घेऊन लॅबला पाठवलं, ते आलं 154. काका मीटरकडे असे बघत होते जणू त्याने उधारी बुडवली.

मीटरचा दोष नव्हता. पट्टीला रक्त लागतं अगदी टाचणीच्या टोकाएवढं. पिकलेल्या आंब्याच्या रसात ग्लुकोजचं प्रमाण रक्ताच्या दहापटीहून जास्त असतं, त्यामुळे बोटावर वाळलेला, डोळ्याला न दिसणारा पुसटसा थरही आकडा शंभराने चढवू शकतो. काका स्पिरिटचा बोळा फिरवत होते, पण त्याने चिकट साखर पुरती निघत नाही. साबण आणि पाणीच हवं. आढीवर पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाकून दुसरा घ्यावा, तेही नाइलाज म्हणून. घरात आंबे चिरणाऱ्या, रस काढणाऱ्या बायकांनाही हेच लागू.

डॉक्टरांनी गोळी लगेच पूर्ववत केली, कारण खरा धोका 341 चा नव्हता, दुपारच्या थरथरीचा होता. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण तोडलं की साखर खाली कोसळते. त्या वेळी तपासलं असतं तर बहुधा सत्तरच्या खाली सापडली असती.

"मग आता आंबा खाऊ?" काकांनी लगेच विचारलं. पिकवणाराच उपाशी, हे मलाही बरं वाटत नव्हतं.

त्यांनी डॉक्टरांना द्यायला आणलेल्यातला एक हापूस मी काट्यावर ठेवला (डॉक्टरांची परवानगी नंतर घेतली). 230 ग्रॅम. साल आणि बाठा काढून गर उरला 145. शंभर ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे या फळात बावीसच्या आसपास. काकांच्या घरची तांदळाची भाकरी सुमारे 60 ग्रॅम पिठाची, तिच्यात पंचेचाळीसच्या वर. हिशेब सरळ होता: एक मध्यम हापूस म्हणजे अर्धी भाकरी. आंबा ताटात आला की अर्धी भाकरी ताटाबाहेर. आंबा वरून नाही, बदल्यात. आणि सुरुवात अर्ध्या फळापासून.

तरी माझ्या हिशेबावर विसंबू नका, स्वतःवर करून बघा, असं सांगितलं. पद्धत अशी: खाण्याआधी एकदा तपासायचं, पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा, दोन्ही वेळा हात धुवून. एका वेळी एकच बदल. दोन तासांचा आकडा 180 च्या आत राहिला तर ते प्रमाण मानवलं.

पुढच्या खेपेला वहीत चार ओळी होत्या. आंब्याशिवाय जेवण, दीड भाकरी, मासळीची आमटी, भाजी: 122 वरून 164. दुपारी चारला चहा-बिस्किटांऐवजी अर्धा आंबा आणि मूठभर शेंगदाणे: 110 वरून 141. जेवणात अर्धी भाकरी कमी करून एक पूर्ण आंबा, फोडी करून: 125 वरून 172. चौथी ओळ जावयाच्या पाहुणचाराची. दोन वाट्या साखर घातलेला आमरस, पाच पुऱ्या, वर थोडा भात: 128 वरून 251.

त्या चौथ्या ओळीवर आम्ही बराच वेळ घालवला, कारण काकांनी "आंब्यानंच चढली" असा निकाल देऊन टाकला होता. मी घटक वेगळे करून दाखवले. दोन वाट्या रसाला दोन आंबे सहज लागतात, त्यात चार चमचे साखर, पुऱ्यांची कणीक, भात. सगळं मिळून तीन भाकऱ्यांच्या आसपास, आणि रस चावावा लागत नसल्याने पोटात झरझर गेलेला. पुरीचं तूप-तेल साखर चढणं थोडं लांबवतं, त्यामुळे तीन-साडेतीन तासांनीही आकडा वरच असू शकतो. पुढच्या पाहुणचाराला एक वाटी बिनसाखरेचा रस, दोन पुऱ्या, मटकीची उसळ, काकडी, भात नाही, असं ठरलं. तो आकडा आला 177.

आणि "आंबा सोडला" म्हणणारे काका रोज दोन ग्लास गुळाचं पन्हं पीत होते, हे बोलता बोलता समजलं. कैरीचं असलं तरी ग्लासात दोन मोठे चमचे गूळ असेल तर तो आख्ख्या हापूसएवढा भार. ते पन्हं गेलं आणि त्या जागी मीठ-जिरं घातलेलं ताक आलं. आटवलेली आंबापोळीही बंद झाली, वजनाला ती ताज्या गरापेक्षा कितीतरी गोड.

मग काकांच्या मागे बसलेल्या काकींनी आपली फाइल पुढे केली. त्यांनाही मधुमेह, HbA1c 9.4, इन्सुलिन नुकतंच सुरू झालेलं. नवऱ्याला मानवला म्हणून त्यांनी तोच अर्धा आंबा चारला खाल्ला होता: आधी 198, नंतर 263. सुरुवातच इतक्या वर असेल तर अर्धं फळही जड. त्यांच्यासाठी आधी इन्सुलिनची मात्रा बसवायची, तोवर जेवणातल्या भाताचे दोन घास वगळून एक-दोन फोडी, असं डॉक्टरांशी बोलून ठरवलं. त्यांच्या क्रिएटिनिनचा रिपोर्टही मागवला, कारण मूत्रपिंडाचा त्रास निघाला तर पोटॅशियममुळे आंब्याचा विचार वेगळाच करावा लागतो.

"आणि चोखायच्या रायवळांचं काय?" काकी निघताना म्हणाल्या. ते काट्यावर ठेवता येतात, पण आकार बिटकीपासून मुठीएवढा. मी सांगितलं, लहान असतील तर दोन, आणि बाठे ताटातच ठेवायचे, मोजता येतील असे.