साकाता आणि चौकोनाचा कोपरा

टोकियोहून साकाताला जायचं तर आधी शिंकान्सेनने निगाता आणि तिथून इनाहो एक्सप्रेस, डाव्या खिडकीतून बराच वेळ समुद्र दिसतो म्हणून मी मुद्दाम तीच सीट घेतली. जायचं कारण शोनाई साशिको, म्हणजे साकाताच्या शोनाई भागातलं धावदोऱ्याचं भरतकाम. या थंड भागात कापूस नीट होत नसे, त्यामुळे इथला तांदूळ घेऊन गेलेली जहाजं येताना ओसाकाकडचं जुनं सुती कापड आणायची, आणि ते टिकावं म्हणून बायका दोन थर जोडून त्यावर धावदोरा घालायच्या. अगदी आपली गोधडी!

सकाळी सांक्यो कोठारं पाहिली, 1893 ची, तांदळाची, मागे झेलकोव्हाच्या उंच झाडांची रांग. दुपारी क्लास. आणि नमुना कुठला, तर 'मासु', म्हणजे तांदूळ मोजायचं चौकोनी लाकडी माप, एकात एक चौकोन. माझी आजी गोधडीला असंच कडेकडेने आत टाके घालत यायची, त्यामुळे मला वाटलं हे तर येतंच की.

नाही आलं. कोपऱ्यावर अडले. कधी टाका कोपऱ्याआधीच संपायचा, कधी मोकळी जागा नेमकी कोपऱ्यावर यायची आणि चौकोन गोल दिसायचा. शिकवणाऱ्या आजींनी पट्टी घेतली. वर दिसणारा टाका 3 मिमी, मधली जागा 2 मिमी, मिळून 5. बाजू 4 सेंमी म्हणजे 8 टाके बरोब्बर बसतात. फक्त सुरुवात जागेने करायची, सुई कोपऱ्यापासून 2 मिमीवर वर काढायची, म्हणजे आठवा टाका आपोआप कोपऱ्याच्या बिंदूत जाऊन संपतो. वळल्यावर पुन्हा आधी जागा, मग टाका. आतले चौकोन 3, 2 आणि 1 सेंमीचे, म्हणजे 6, 4, 2 टाके. बाजू 4.2 सेंमी झाली तर उरलेले 2 मिमी आठही टाक्यांत थोडे थोडे वाटून टाकायचे, सगळे शेवटच्या टाक्यात घातले तर तो एकटाच लांब दिसतो.

सुई लांब असते, तिच्यावर कापडाच्या चुण्या गोळा करत पाच-सहा टाके एकदम घेतात आणि म्हणूनच ते सारखे येतात. पण कोपऱ्यापलीकडे चुण्या घ्यायच्या नाहीत, तिथे सुई बाहेर काढायची, दोरा ओढायचा आणि अंगठा-बोटाने कापड दोऱ्यावरून सरकवत सपाट करायचं. मी हे टाळून तसंच पुढे गेले आणि कोपरा पिशवीसारखा वर उचलला गेला. आजींनी उलटी बाजू दाखवली, दोरा तारेसारखा ताणलेला. त्यांच्या कापडाला मागे प्रत्येक वळणावर दोऱ्याचा बारीकसा सैल वेढा होता, आणि तिरकं ओढलं की तो वेढा थोडा आत जायचा, वरचा टाका मात्र जागचा हलायचा नाही.

मी कात्री मागितली आणि पहिल्या कोपऱ्यापर्यंत सगळं उसवलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाहेरचा एकच चौकोन झाला, बत्तीस टाके.