झाकण मिटलं, पण गाणं थांबलं नाही

सीताबर्डीवरच्या माझ्या दुकानात बहुतेक मोबाइलच येतात. त्या दिवशी मात्र आठवड्यापूर्वी मीच दुरुस्त केलेला निन्टेन्डो डीएस लाइट परत आला, म्हणजे दोन स्क्रीनचं, डबीसारखं मिटणारं व्हिडिओ गेमचं यंत्र. बिजागरी तुटली होती म्हणून मी त्याची अख्खी बॉडी बदलली होती.

"दादा, टच बिघडला वाटते. इथं काहीच होऊन नाही राहिलं," ती कॉलेजची मुलगी म्हणाली.

गेम होता २००७ चा 'झेल्डा: फँटम अवरग्लास'. वरच्या स्क्रीनवर एक पवित्र चिन्ह, खालच्या स्क्रीनवर समुद्राचा नकाशा, आणि चिन्ह नकाशावर दाबून उमटव अशी सूचना. तिने टच करायच्या काडीने टोचून, घासून पाहिलं होतं, माइकवर फुंकरही मारली होती.

या यंत्रात फक्त खालचा स्क्रीन स्पर्श ओळखतो. त्याचे दोन पातळ थर दाबाने एकमेकांना टेकतात, म्हणून काडी चालते, आणि एका वेळी एकच जागा नीट कळते. मी सेटिंगमध्ये जाऊन टच जुळवला. मग गेममधल्या नकाशावर रेघ ओढली (या गेमात नकाशावर स्वतःच्या खुणा लिहिता येतात, मला ती सोय फार आवडते). रेघ काडीच्या टोकाखालीच उमटत होती. म्हणजे टच ठीक होता.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. मी झाकण मिटून यंत्र बाजूला ठेवलं, तर आतून गेमचं संगीत चालूच! झाकण मिटलं की डीएस झोपायला हवा: आवाज बंद, हिरवा दिवा मंद उघडझाप करणारा.

तिथे कोडं उलगडलं. चिन्ह वर, नकाशा खाली. झाकण मिटलं की वरचा स्क्रीन शिक्क्यासारखा खालच्यावर येतो. गेमला स्पर्श नकोच होता, यंत्र मिटायला हवं होतं! बनवणाऱ्यांनी बिजागरीलाच बटण केलं होतं. पण झाकण मिटल्याचं यंत्राला कळतं ते वरच्या भागातल्या एका चिमुकल्या चुंबकामुळे. खालच्या बोर्डावरचा सेन्सर तो ओळखतो. मी बसवलेल्या नव्या बॉडीत चुंबकच नव्हता, आणि जुन्या बॉडीतला काढून लावायचं माझ्याकडून राहिलं होतं. झाकण कितीदाही मिटलं तरी गेमच्या लेखी ते उघडंच होतं. टूडीएस या निन्टेन्डोच्याच न मिटणाऱ्या यंत्राला याच कामासाठी झोपेचं सरकतं बटण दिलंय.

जुनी बॉडी नशिबाने भंगाराच्या डब्यात होती. चुंबक ज्या बाजूने होता त्याच बाजूने नव्या बॉडीत चिकटवला. झाकण मिटलं, संगीत थांबलं.

यंत्र मी तिच्याच हाती दिलं. "आता त्या पानावर जा अन् मिटून बघ."

तिने मिटलं, थांबली, उघडलं. नकाशावर चिन्ह उमटलं होतं. ती काही वेळ नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "दादा, हे पुन्हा करता येते का?"

मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.