‘नोबेल मिळालं’ या एका वाक्याचा माग : माझा अनुभव

‘कर्करोग अल्कलाइन शरीरात जगूच शकत नाही, हे सिद्ध केल्याबद्दल डॉ. ऑटो वारबर्ग यांना 1931 साली नोबेल मिळालं.’ आत्याच्या हातातल्या मराठी आहारपुस्तकात हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेलं आहे. या एका वाक्याच्या जोरावर तिनं केमोथेरपी चालू असताना डाळी, दूध आणि अंडी बंद केली, कारण पुस्तकाच्या यादीत हे सगळं ‘आम्लधर्मी’, म्हणजे अल्कलाइनच्या उलट. वारबर्ग हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ. म्हणून मी त्यांच्या नावावरच्या त्या वाक्याच्या मागे लागले.

पुस्तकात वाक्यावर संदर्भाचा आकडा आहे. शेवटच्या पानावर त्या आकड्यापुढे फक्त ‘वारबर्ग, 1931’ एवढंच. लेखाचं नाव नाही, पान नाही. प्रकाशकाला फोन केला, तर ‘मजकुराची जबाबदारी लेखकाची, त्यांनाच विचारा’ असं उत्तर आलं. लेखकाच्या कार्यालयात विचारलं, तर बाईंनी आधी आजार कुणाला आहे ते विचारलं आणि मग शिबिराची तारीख सांगितली. मी म्हटलं, ‘ताई, मला फक्त 1931 च्या लेखाचं नाव हवंय.’ त्यावर उत्तर, ‘ते सर शिबिरात समजावून सांगतात.’ ईमेल पाठवला, त्याला उत्तर नाही. पुन्हा फोन केला, तर पुन्हा शिबिर. दोन हजारांच्या घरात फी असलेल्या शिबिरात बसल्याशिवाय एका छापील संदर्भाचं नाव कळू नये, याचा मला आजही संताप येतो. संदर्भ हा वाचकानं स्वतः उघडून पाहावा म्हणूनच छापायचा असतो.

इंटरनेटवर शोधलं तर तेच वाक्य शेकडो ठिकाणी सापडलं आणि सगळे एकमेकांकडेच बोट दाखवत होते. यात बराच वेळ गेला. अशा वेळी वाक्य शोधणं सोडून द्यावं आणि त्यातला सहज पडताळता येणारा तुकडा धरावा. इथे तो तुकडा म्हणजे नोबेल. पारितोषिक कशासाठी दिलं, ते प्रत्येक विजेत्याच्या नावापुढे nobelprize.org वर एका ओळीत लिहिलेलं असतं. वारबर्ग यांच्या नावापुढे कर्करोग नाही आणि अल्कलाइनही नाही. पारितोषिक आहे श्वसनातल्या विकराचं, म्हणजे पेशी ज्याच्या मदतीनं ऑक्सिजन वापरतात त्या एन्झाइमचं, स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. 10 डिसेंबर 1931 चं त्यांचं भाषणही तिथेच वाचायला मिळतं. त्याचा विषय त्या विकरातलं लोह हा आहे. कार्बन मोनॉक्साइड त्या लोहाला चिकटला की श्वसन थांबतं, प्रकाश टाकला की तो सुटतो आणि श्वसन पुन्हा सुरू होतं, अशा प्रयोगांवरून त्यांनी ते विकर ओळखलं. काय खावं, काय खाऊ नये, असा सल्ला त्यात कुठेही नाही.

मग कर्करोग आला कुठून? वारबर्ग यांनी कर्करोगावर काम केलं होतं, हे खरंच आहे. 1920 च्या दशकात त्यांना दिसलं, की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही साखरेपासून भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात. आजही हे निरीक्षण त्यांच्या नावानं ओळखलं जातं. पुढे 1966 साली जर्मनीतल्या लिंडाऊ इथं त्यांनी एक व्याख्यान दिलं. निरोगी पेशी ऑक्सिजनचं श्वसन सोडून साखर आंबवू लागते, हेच कर्करोगाचं मूळ कारण आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. पुस्तकांतून फिरणारी ‘वारबर्ग म्हणतात’ ही वाक्यं बहुतेक याच व्याख्यानाच्या आसपासची. म्हणजे नोबेल 1931 चं, कर्करोगावरचं व्याख्यान 35 वर्षांनंतरचं, आणि ‘अल्कलाइन’ हा तिसराच तुकडा नंतर कुणीतरी जोडलेला.

त्या जोडकामात कार्यकारणच उलटं झालं आहे. वारबर्ग यांना दिसलं ते असं, की गाठ आम्ल तयार करते. पुस्तक सांगतं, की आम्लामुळे गाठ होते. शिवाय प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलाइन मोजायचं माप, साधारण 7.4 ठेवतात. 7 च्या वर अल्कलाइन, म्हणजे तो द्रव किंचित अल्कलाइनच. पेशी त्यात मजेत वाढतात. आपल्या रक्ताचा पीएचही 7.35 ते 7.45 मध्येच असतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो तिथेच धरून ठेवतात, ताटात काहीही असलं तरी.

आत्याचा मुद्दा होता, ‘अगं, पट्टीचा रंग बदलला ना!’ पुस्तकाबरोबर लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. रंग खरोखर बदलतो, कारण आहारातलं जास्तीचं आम्ल किंवा अल्क मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. पट्टीवरून एवढंच कळतं, की मूत्रपिंडं काम करताहेत. रक्त बदलल्याची ती खूण नाही.

पबमेड या वैद्यकीय संशोधनलेख शोधायच्या संकेतस्थळावर आढावाही शोधला. एकटा अभ्यास न धरता सगळे अभ्यास गोळा करून लिहिलेला आढावा शोधावा, हे मी आधीच सांगायला हवं होतं. 2016 साली बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आहारातलं आम्ल, अल्कलाइन पाणी आणि कर्करोग यांवरचा असा आढावा छापून आला. त्यांच्या निकषांत फक्त एकच अभ्यास बसला. तो मूत्राशयाच्या कर्करोगाचा होता आणि त्यात संबंध आढळला नाही. त्यामुळे ‘विज्ञानानं सिद्ध’ असं म्हणायला आधारच उरत नाही.

लेखकाची पदवी तपासणं त्यामानानं सोपं गेलं. मुखपृष्ठावर ‘डॉ.’ होतं, नावापुढे एन.डी., म्हणजे निसर्गोपचाराची पदवी. ॲलोपॅथीचा डॉक्टर असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत किंवा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव बघावं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या राज्य परिषदा वेगळ्या आहेत. ‘डॉ.’ पीएचडीचं असेल तर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगावर शोधता येतात आणि प्रबंधाचा विषयही कळतो. हे लेखक मला यांपैकी कुठेही सापडले नाहीत. मलपृष्ठावर ‘अमेरिकन विद्यापीठाची डॉक्टरेट’ आहे, विद्यापीठाचं नाव नाही. विद्यापीठाचं नाव नसेल तर तिथेच थांबून लेखी विचारावं.

अमेरिकेत अल्कलाइन आहाराच्या या विचाराचा सर्वांत मोठा प्रचारक रॉबर्ट यंग. त्याच्या पदव्या अलाबामातल्या क्लेटन कॉलेजच्या. या संस्थेला सरकारमान्य मूल्यांकन नव्हतं आणि ती 2010 साली बंद पडली. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल 2016 साली कॅलिफोर्नियात ज्यूरीनं यंगला दोषी ठरवलं आणि पुढे त्याला तुरुंगवास झाला. आमच्या पुस्तकाच्या संदर्भयादीत त्याचं नाव अनेकदा येतं.

आत्याला मी निष्कर्ष सांगितला नाही. नोबेलच्या संकेतस्थळावरची ती ओळ तिच्यासमोर उघडली आणि पुस्तकातलं वाक्य शेजारी ठेवलं. ती शाळेत शिक्षिका होती, दोन्ही तिनं स्वतः वाचली. पुढच्या केमोच्या वेळी आम्ही पुस्तकातली वर्ज्य यादी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना दाखवली. केमोत स्नायू झिजतात, प्रथिनं कमी पडू देऊ नका, असं सांगून त्यांनी डाळ, दही आणि अंडं परत सुरू केलं.

अशी पडताळणी करणार असाल तर एक गोष्ट सगळ्यात आधी करा. मुखपृष्ठ, आवृत्तीचं पान आणि संदर्भयादी यांचे फोटो काढून ठेवा. मी प्रकाशकाला पत्र लिहिलं, तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणती आवृत्ती?’ हाच आला. आवृत्ती, पान आणि ओळ लिहून पत्र रजिस्टर्ड एडीनं पाठवलं आहे, पोच आली आहे, उत्तर अजून यायचं आहे.