नव्वद सेकंदांतले तीन सेकंद

दुपारी एडिटर दादांचा फोन आला. "तुझ्या शीटवर एकूण नव्वद सेकंद लिहिलंयस, माझ्या टाइमलाइनवर सत्त्याऐंशी येतायत. आणि थेंबांचे आवाज मागे पडतायत."

फिल्म चित्रांत मांडलेल्या स्टोरीबोर्डवरून, कुठला शॉट आणि कुठला आवाज कधी आणि किती वेळ हे सांगणारी टायमिंग शीट मीच बनवली होती. छोटीशी फिल्म, २२ शॉट, ६१ पॅनल. रात्री नळ गळत असतो, मुलाला झोप येत नाही, तो फडकं बांधतो, वाटी ठेवतो, आणि शेवटी त्या टपटपीचाच ताल धरून झोपी जातो. संवाद आईचं एकच वाक्य, बाकी सगळं थेंबांवर. त्यामुळे आवाज अर्धा सेकंद जरी इकडेतिकडे झाला तरी फिल्मचा जीवच जातो. शिवाय संगीतकारांना नव्वद सेकंदांची लांबी आधीच कळवलेली होती.

शीट बनवायला मला दोन दिवस लागले होते. बोर्डवरचं पॅनल म्हणजे एक क्षण असतो. तो पडद्यावर किती वेळ राहील हे चित्र सांगत नाही. म्हणून मी प्रत्येक शॉट स्वतः करून पाहिला. उठायचं, नळापर्यंत जायचं, फडकं गुंडाळायचं, आणि हातात स्टॉपवॉच. प्रत्येक कृती तीनदा केली आणि मधली वेळ घेतली, कारण पहिल्यांदा माणूस घाई करतो आणि तिसऱ्यांदा अभिनय करायला लागतो. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने ४+०० म्हणजे चार सेकंद, ९६ फ्रेम. शेजारच्या रकान्यात तिथपर्यंतची एकूण फ्रेम. आवाजांच्या रकान्यात खरे आवाज नव्हतेच. जिभेने काढलेला 'टक्' `drop_temp.wav` या नावाने ठेवला होता, आईचं वाक्य माझ्याच आवाजात होतं, आणि जिथे शांतता हवी तिथेही रकाना रिकामा न ठेवता 'खोलीची शांतता, २+००' असं लिहिलं होतं. रिकामा रकाना पाहिला की पुढच्याला वाटतं, भरायचं राहिलं.

बेरीज दोनदा तपासली होती: २१६० फ्रेम, बरोबर नव्वद सेकंद.

दादांच्या शेजारी जाऊन बसले. पहिला संशय फ्रेमरेटवर आला. प्रोजेक्ट चुकून २५ वर उघडला असेल तर फिल्म आखडते, असं दोघांच्याही मनात आलं. पण २१६० ला २५ ने भागलं तर ८६.४ येतात, आणि टाइमलाइनवर पूर्ण ८७ होते. शिवाय फ्रेमरेट चुकला तर फरक पहिल्या सेकंदापासून हळूहळू साठत जातो. पंधराव्या सेकंदाला तो अर्ध्या सेकंदाच्याही पुढे गेला असता. आम्ही सुरुवातीपासून लावून पाहिलं. पहिले चार शॉट, म्हणजे पंधरा सेकंद, प्रत्येक थेंब चित्रावर अचूक पडत होता. पाचव्या शॉटमध्ये थेंब बादलीत पडला आणि आवाज अर्ध्या सेकंदाने आला. मग पुढे बराच वेळ तेवढाच अर्धा सेकंद, कमी नाही की जास्त नाही. मग एकदम एक सेकंद. फरक उतारासारखा वाढत नव्हता, पायऱ्या पायऱ्यांनी वाढत होता. शेवटच्या शॉटमध्ये मूल झोपलेलं, नळ गप्प, आणि त्या शांततेत मागच्या शॉटचा थेंब वाजला. तो ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला.

पायरी कुठे कुठे येते ते शीटवर खुणा करत गेले. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये. अशा सहा जागा, आणि सहाही ठिकाणी ट्रान्झिशनच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'डिझॉल्व, १२ फ्रेम', म्हणजे एक चित्र विरत जातं आणि त्यातूनच दुसरं उमटतं. सहा गुणिले बारा म्हणजे ७२ फ्रेम, बरोबर तीन सेकंद.

दादांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. डिझॉल्व दोन प्रकारे बसवता येतो. एकात कट जिथल्या तिथे राहतो आणि दोन्ही शॉट कटच्या पलीकडे सहा-सहा फ्रेम ताणून एकमेकांत विरघळवतात. एकूण लांबी तीच राहते. दुसऱ्यात मागचा शॉट संपायच्या १२ फ्रेम आधीच पुढचा त्याच्यावर सरकवतात. मग पुढची अख्खी फिल्म १२ फ्रेम अलीकडे येते. मी पहिला प्रकार मनात धरून बेरीज केली, दादांनी दुसरा लावला, आणि शीटवर दोन्हींपैकी कोणता हे लिहिलंच नव्हतं. आवाज मात्र मी फिल्मच्या सुरुवातीपासून मोजून लिहिले होते, त्यामुळे चित्र अलीकडे आलं आणि आवाज जागच्या जागी राहिले. पाचवा शॉट ३६० व्या फ्रेमला सुरू व्हायचा तो ३४८ ला सुरू झाला. थेंब त्या शॉटच्या ३१ व्या फ्रेमला पडतो, म्हणजे चित्रात ३७९ ला. आणि आवाज माझ्या आकड्याप्रमाणे ३९१ ला.

सगळे डिझॉल्व पहिल्या प्रकारात बदलून टाकले असते तर हिशेब तिथल्या तिथे जुळला असता. पण दिग्दर्शक ताईंना बोलावून ते दाखवलं तेव्हा त्या नवव्या शॉटवर थांबल्या. तिथला थेंब शॉटच्या शेवटच्या पाच फ्रेम उरल्यावर पडतो. डिझॉल्व कुठल्याही प्रकारचा असो, त्या क्षणी पुढचं चित्र वर चढलेलं असणारच. "थेंब पडलेला स्वच्छ दिसायला हवा, मग काय विरघळायचं ते विरघळू दे," ताई म्हणाल्या. मला हे आधीच दिसायला हवं होतं. बोर्डवर पॅनल स्वच्छच असतं, धूसर होतं ते वेळेत.

म्हणून दादांचीच पद्धत ठेवली आणि सहा जागा एकेक करून पाहिल्या. दोन ठिकाणी मूल फक्त पलंगावरून नळाकडे बघतं. मध्ये वेळ गेलेलाच नाही, तिथे डिझॉल्वचं कामच नव्हतं. त्यांचे साधे कट केले. उरलेल्या चार ठिकाणी रात्र खरोखर पुढे सरकते. तिथे विरून जाणाऱ्या मागच्या शॉटला कृती संपल्यावर १२ फ्रेमचा ठहराव जोडला, म्हणजे विरघळतो तो ठहराव, कृती नाही. चौथा शॉट ९६ चा १०८ झाला, ३७२ ला संपला, पाचवा त्यावर १२ फ्रेम चढून पुन्हा ३६० ला सुरू झाला. थेंब ३९१ ला. एकही आवाज हलवावा लागला नाही.

तरीही शीट त्याच संध्याकाळी नव्याने लिहिली. 'ओव्हरलॅप' असा एक रकाना वाढवला, आणि शॉटची सुरुवात म्हणजे मागच्याची सुरुवात अधिक त्याची लांबी उणे ओव्हरलॅप, असं सूत्र रकान्याच्या डोक्यावरच लिहिलं. आवाज आता शॉटच्या आतून मोजले: 'शॉट ५, फ्रेम ३१'. उद्या ताईंनी तिसरा शॉट कापला तरी तो थेंब आपल्या शॉटबरोबरच सरकेल. फिल्मच्या सुरुवातीपासूनचा आकडा शेजारी ठेवला आहे, पण तो सूत्रातून येतो, हाताने लिहायचा नाही.

रात्री आठला दादांनी पुन्हा लावली. २१६०. शेवटच्या शॉटला तिघेही श्वास रोखून बसलो होतो. मुलाचा हात पांघरुणावरून खाली ओघळला, नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत राहिला, पडला नाही, आणि दोन सेकंद खोलीत काहीच वाजलं नाही.