ब्रेकने खाल्लेले सहा आठवडे

कॉम्प्युटरवर रेसिंग गेम खेळायच्या माझ्या स्टिअरिंग व्हीलचा पेडलचा सेट सर्व्हिस सेंटरमध्ये २३ दिवस पडून होता. परत आला तेव्हा सोबतच्या कागदावर शेरा होता, "चेक्ड, ओके." घरी आणून जोडला आणि पहिल्याच वळणावर गाडी पुन्हा सरळ वाळूत. त्या "ओके"चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्यात परवा भाच्याचा फोन आला, "मामा, रेसिंग गेमसाठी मी पण व्हील घेऊ का?" त्याला फोनवर जे सांगितलं ते रागाच्या भरात जरा उलटसुलट सांगितलं. म्हणून इथे सगळं लिहून काढतोय. तरीही क्रम लागेलच असं नाही.

मी मुलुंडला राहतो, वन बीएचके. हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचं टेबल आहे. दोन वर्षं असेटो कोर्सा हा रेसिंग गेम गेमपॅडवर खेळलो आणि मग सेकंडहँड व्हील घेतलं. मोटरचा जोर गिअरमधून हातात देणारं, ९०० अंश फिरणारं, तीन पेडलचं, म्हणजे सुरुवातीच्या श्रेणीतलं. घेणं, टेबलाला क्लॅम्प करणं, सॉफ्टवेअर टाकणं हे सगळं एका संध्याकाळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिला आठवडा मजेत गेला, पण लॅप टाइम मात्र पॅडपेक्षा वाईट. ही गोष्ट विकणारा कधी सांगत नाही. पॅडवर तुम्ही स्टिक पूर्ण ढकललीत तरी गेम चाकं तितकी वळवत नाही. वेग बघून तो स्टिअरिंग आवरतो, हालचाल गुळगुळीत करून देतो. व्हीलवर ही मदत संपते. हात जितका वळेल तितकी चाकं वळतात, आणि हाताला अजून काहीच कळत नसतं.

कळायला लागतं ते फोर्स फीडबॅकमुळे. मला आधी वाटायचं, ही नुसती थरथर असणार, पॅडसारखी. तसं नाही. खऱ्या गाडीत वळण घेताना पुढचे टायर स्टिअरिंगला सरळ करू बघतात, तो जोर गेम मोजतो आणि व्हीलमधली मोटर तो तुमच्या हातात देते. यातली खरी गंमत अशी की पुढच्या टायरची पकड संपायच्या जरा आधीच हा जोर कमी व्हायला लागतो. वळणात स्टिअरिंग जड होत जातं, जड होत जातं, आणि एकदम हलकं पडतं. ते हलकेपण म्हणजे इशारा, की आता आणखी वळवून उपयोग नाही, उलट थोडं सोड. पॅडवर हे टायरच्या आवाजावरून आणि गाडी कुठे चाललीय ते बघून कळतं, म्हणजे उशिरा. मागची बाजू सुटली तर स्टिअरिंग स्वतःच उलट्या दिशेला धावतं. त्याला बोटांतून जाऊ द्यायचं आणि योग्य जागी पकडायचं. मी पहिले काही दिवस ते घट्ट धरून बसायचो आणि गोल गोल फिरायचो.

इथे माझी एक चूक सांगतो. फोर्स फीडबॅकचा गेन, म्हणजे जोर किती द्यायचा ते सेटिंग, मी १०० वर ठेवला होता, जोर जास्त म्हणजे चांगलं, या हिशेबाने. पण या श्रेणीच्या मोटरची ताकद साधारण दोन न्यूटन-मीटर. गेमने त्याहून जास्त मागितलं तर मोटर आपल्या कमाल जोरावर थांबते आणि वरचा सगळा भाग सपाट होतो. मग जड आणि अतिजड यांत फरकच उरत नाही, आणि हलकं पडण्याचा तो इशारा नेमका त्या सपाट भागात हरवतो. असेटो कोर्सामध्ये पेडल दाखवणारं छोटं ॲप स्क्रीनवर ठेवता येतं. त्यात फोर्स फीडबॅकची पण पट्टी असते. लांब वळणात ती सारखी लाल होत असेल तर गेन कमी करा. मी ६५ वर आणला आणि व्हील हलकं वाटलं, पण बोलायला लागलं.

आता ब्रेक.

इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकचा पहिला शिकेन, म्हणजे लागोपाठची उजवी-डावी वळणं, घ्या, कारण माझे सहा आठवडे तिथेच गेले. सरळ रस्त्यावरून जुनी बीएमडब्ल्यू ताशी २१० च्या आसपास येते, म्हणजे सेकंदाला ५८ मीटर. पुढे वळण इतकं तीव्र आहे की वेग ७० च्या खाली आणावा लागतो. ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस मी बंद ठेवतो. मग करायचं एवढंच: ठरलेल्या जागी पेडल एका दमात जोरात दाबायचं, टायर लॉक व्हायच्या जरा अलीकडे धरायचं, आणि वळायला लागलं की स्टिअरिंगबरोबर हळूहळू सोडायचं. टायरची पकड ब्रेक आणि वळण यांच्यात वाटली जाते, म्हणून सोडणं हे दाबण्याइतकंच महत्त्वाचं. लॉक झालं तर स्टिअरिंग हातात मेल्यासारखं हलकं होतं, तेवढं तरी कळतं.

मला हे एकदा जमायचं, दोनदा नाही. एका लॅपला गाडी वळणाच्या आधीच थांबल्यासारखी व्हायची, पुढच्या लॅपला ब्रेकच लागला नाही असं वाटून सरळ निघून जायची. पाय तोच, जागा तीच. पॅडच्या ट्रिगरवर असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे दोष पेडलचाच असणार असं मी ठरवून टाकलं. दुकानदाराकडे गेलो तर तो पेडलकडे न बघताच म्हणाला, "साहेब, हे बेसिक आहे, लोड सेलवालं घ्या." लोड सेल म्हणजे पेडल किती सरकलं याऐवजी किती जोराने दाबलं ते मोजणारा ब्रेक. चीज चांगली आहे, कारण पायाला अंतरापेक्षा जोर नीट लक्षात राहतो. पण किंमत माझ्या अख्ख्या सेटच्या आसपास. मी म्हटलं आधी आहे ते दुरुस्त करू. म्हणून सर्व्हिस सेंटर.

तिथे दर चार दिवसांनी फोन करायचो. "सर, इंजिनिअर बघतायत." "सर, पार्ट मागवलाय." "सर, पार्टची गरज नाही." भर पावसात दोनदा लोकल बदलून गेलो. काउंटरवरच्या पोराला मी विचारलं, नक्की तपासता कसं? तर म्हणाला, टेबलावर ठेवून हाताने दाबतो, रीडिंग येतंय. हाताने! ब्रेकचं पेडल मी हाताने दाबत नाही ना रे बाबा. पण त्याला काय बोलणार, तो बिचारा पावती फाडणारा.

"ओके" घेऊन घरी आलो त्या रात्री शेवटी स्वतः बघायचं ठरवलं. विंडोजमध्ये Win आणि R दाबून हे टाइप करायचं:

```
joy.cpl
```

यादीत व्हील दिसतं, प्रॉपर्टीजमध्ये गेलं की प्रत्येक पेडलची पट्टी दिसते. मी गेममधल्यासारखा खुर्चीवर बसलो, ब्रेक दणकन दाबला आणि बायकोला म्हटलं, पट्टी बघ. ती म्हणाली, "पाऊण झाली." पुन्हा दाबला. "आता जास्त." पुन्हा. "आता पाऊणपेक्षा पण कमी. आणि तू मागे का जातोयस?"

मी मागे जात होतो. माझी ऑफिसची खुर्ची, खाली पाच चाकं, त्याखाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. आणि पेडलचा सेट पुढे सरकत होता. या पेडलमध्ये शेवटच्या टप्प्यात रबराचा ठोकळा आहे, खऱ्या ब्रेकसारखं घट्ट लागावं म्हणून. तो दाबायला जोर लागतो, आणि तेवढा जोर लावला की रबर दबायच्या आधी खुर्ची आणि पेडल एकमेकांपासून दूर पळतात. पेडल मोजतं ते त्याच्या दांड्याचा आणि बैठकीचा कोन. पाय चार इंच पुढे गेला, पण त्यातला एक इंच टाइल्सने खाल्ला, आणि तोही प्रत्येक वेळी वेगळा. पेडल खरोखरच ओके होतं. सर्व्हिस सेंटर बरोबर होतं, हेच जास्त झोंबतं. २३ दिवसांत "साहेब, तुम्ही बसता कशावर?" एवढं एकाने विचारलं असतं तर.

फरक ओळखायचा असेल तर असं करा. पाय एका जागी स्थिर धरून पट्टी थरथरत असेल किंवा उडत असेल, तर आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ किंवा झीज आहे. ते खरंच सर्व्हिसचं काम. पट्टी स्थिर आहे पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते, तर आधी काय सरकतंय ते शोधा.

उपाय सुताराने केला. १९ मिलिमीटरच्या प्लायची एक लांब फळी, एका टोकाला पेडल स्क्रूने बसवलेलं, दुसऱ्या टोकाला दोन खाचा. त्या खाचांत डायनिंगच्या लाकडी खुर्चीचे पुढचे पाय बसतात. मी पेडल जितकं पुढे ढकलतो तितकीच खुर्ची त्याच फळीला मागे ओढते, त्यामुळे कोणीच कुठे जात नाही. लाकूड, स्क्रू, मजुरी धरून ९०० रुपये. खेळून झालं की फळी पलंगाखाली जाते. दुसऱ्या दिवशी मॉन्झात सलग दहा लॅप पहिल्या शिकेनला मी एकदाही वाळूत गेलो नाही. पॅडवरचा माझा सगळ्यात चांगला टाइम त्यानंतर आठवड्याभरात मोडला. बायकोने उठून अभिनंदन केलं नाही, पण चहा आणला.

आता भाच्याच्या प्रश्नाचं. त्याला मी सध्या "नको" म्हटलंय. तो फोर्झा होरायझनसारखे गेम जास्त खेळतो, तिथे पॅडच बरा. अशा गेममध्ये क्षणात डावी-उजवी करावी लागते आणि ९०० अंशांचं व्हील तिथे हातांना नुसतं दमवतं. असेटो कोर्सासारखा सिम्युलेटर असेल तरीही आधी पॅडवर एक गाडी, एक ट्रॅक आणि एबीएस बंद, असे महिनाभर खेळून बघ म्हटलं. ब्रेक कुठे मारायचा, कुठून वळायचं, हे पॅडवरही शिकता येतं. महिन्याने त्याच ट्रॅकवर परत जावंसं वाटलं, आणि गाडी नक्की कधी सुटते ते कळत नाही म्हणून चिडचिड झाली, तर व्हील त्याच्या कामाचं आहे. नाहीतर ते कपाटावर जाईल.

बजेट मोजताना खुर्ची आणि टेबल धरूनच मोजायचं, हे त्याला तीनदा सांगितलं. पातळ प्लायचं टेबल असेल तर फोर्स फीडबॅकने तेच डोलतं आणि व्हीलचं निम्मं बोलणं टेबल ऐकतं. शिवाय गिअरचं व्हील खडखडतं. रात्री अकरानंतर खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की "मिक्सर बिघडलाय का हो?" विचारतात. बेल्टचं व्हील शांत असतं, थेट मोटरवरचं तर आणखी शांत, पण पैसे त्या मानाने.

आणि सेकंडहँड बघायला गेलास तर लॅपटॉप घेऊन जा, हे सांगायचं राहिलं होतं. joy.cpl उघडायचं, पेडल जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायचं, आणि पायाने दाबायचं. बूट काढून.