सहाव्या मुलाखतीनंतर जोडलेला प्रश्न

अर्धांगवायूनंतर घरी आणलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या १२ नातेवाइकांच्या मुलाखतींचा आमचा लहानसा गुणात्मक अभ्यास होता. उताऱ्यांना आशयाची लेबले लावण्याचे काम, म्हणजे कोडिंग, संपले होते, त्या कोडांतून थीम, म्हणजे सामायिक आशयसूत्रे, ठरल्या होत्या आणि निष्कर्षांच्या बैठकीपूर्वी प्रत्येक थीम तिच्या मूळ ओळींपर्यंत उलट दिशेने तपासण्याचे काम माझ्याकडे होते. हे काम सहसा कोणी मागून घेत नाही, कारण त्यातून नवे काही निघत नाही, असा समज आहे. त्या दिवशी जे निघाले, त्याचा निर्णय आम्ही घेतला असला, तरी तो माझ्या मनात अजून पुरता मिटलेला नाही.

आमची सर्वांत आवडती थीम ‘लपवलेला थकवा’ ही होती. काळजी घेणारी व्यक्ती आपण दमलो आहोत हे रुग्णाला कळू देत नाही, असा तिचा आशय होता. तिच्याखाली ८ जणांच्या मुलाखतींतील १९ उतारे होते आणि अहवालाच्या मसुद्यात ‘१२ पैकी ८ जणांनी थकवा लपवत असल्याचे सांगितले’ असे वाक्य लिहूनही झाले होते.

आमच्या नोंदवहीत, म्हणजे एका साध्या स्प्रेडशीटमध्ये, प्रत्येक उताऱ्याची एक ओळ असते. मुलाखतीचा क्रमांक, ट्रान्सक्रिप्टची आवृत्ती, ओळ क्रमांक, कोड, कोड कोणी व कधी लावला, आणि शंका असल्यास तिचे एका वाक्यातले कारण, एवढीच माहिती तिच्यात असते. आवृत्तीचा रकाना बाहेरच्या माणसाला फालतू वाटेल, पण ट्रान्सक्रिप्टमधली नावे काढताना किंवा ध्वनिफीत पुन्हा ऐकून दुरुस्त्या करताना ओळी पुढे-मागे सरकतात, आणि मग ‘ओळ ११२’ या नोंदीला काही अर्थ उरत नाही. म्हणून कोडिंग सुरू होण्यापूर्वी आम्ही प्रत्येक ट्रान्सक्रिप्टची एक आवृत्ती गोठवतो आणि नंतरची दुरुस्ती नव्या आवृत्तीतच करतो. कोडबुकचे, म्हणजे सगळे कोड आणि त्यांच्या व्याख्या लिहिलेल्या यादीचेही तसेच आहे. दोन कोड एकत्र करण्याआधी त्याची प्रत काढून ठेवली नाही, तर विलीन झालेला कोड आणि त्याची व्याख्या पुढे शोधूनही सापडत नाही. ही प्रत काढण्याचा मला अनेकदा कंटाळा येतो आणि तरीही मी ती काढते.

१९ ओळी मुलाखतींच्या क्रमाने लावल्यावर त्यांची वाटणी खटकली. पहिल्या सहा मुलाखतींतून ५ उतारे आले होते आणि तेही फक्त दोघांचे. पुढच्या सहांतून १४ आले होते आणि त्यांत सहाही जण होते. शेवटचे सहा जण पहिल्या सहांपेक्षा एवढे वेगळे असण्याचे कोणतेही कारण आमच्या निवडीत नव्हते. मग मी मुलाखत-मार्गदर्शिकेच्या आवृत्त्या उघडल्या. सहाव्या मुलाखतीनंतर तिच्यात एक पुरवणी प्रश्न जोडला गेला होता: ‘तुम्ही दमलात हे त्यांना कळू देता का?’ निर्णयनोंदीत त्याचे कारणही स्पष्ट होते. चौथ्या मुलाखतीत थकव्याचा विषय आपणहून निघाला होता, म्हणून पुढच्यांना तो विचारावा असे ठरले होते. यात गैर काहीच नाही. गुणात्मक अभ्यासात मार्गदर्शिका अशीच वाढत जाते. अडचण पुढची होती. त्या प्रश्नाला ‘नाही हो, कशाला कळू द्यायचे’ असे उत्तर आले की त्यावर कोड लागला, आणि तो कोड जेवढा उत्तर देणाऱ्याचा होता तेवढाच प्रश्न विचारणाऱ्याचाही होता.

म्हणून मी एक रकाना वाढवला आणि उतारा विचारल्यावर आला की आपणहून, हे प्रत्येक ओळीसमोर लिहिले. त्यासाठी उताऱ्याच्या आधीचे निदान एक पान वाचावे लागते. केवळ कोड लावलेला तुकडा पाहून ते कळत नाही. सातव्या मुलाखतीपासूनच्या १४ पैकी ९ उतारे त्या प्रश्नाच्या लगेच पुढे आले होते आणि ५ इतर संदर्भांत, आपणहून. आपणहून आलेले एकूण उतारे म्हणजे १० आणि माणसे ५.

हे १० उतारे सलग वाचल्यावर आकड्यांपेक्षा आशयातला फरक महत्त्वाचा ठरला. विचारल्यावर आलेली उत्तरे सर्वसाधारण होती: दमतो, पण दाखवत नाही. आपणहून आलेल्या उताऱ्यांत मात्र जवळपास प्रत्येक वेळी एखादा ठरावीक प्रसंग होता, आणि तो बहुधा रात्रीच्या जागरणाचा होता. रुग्णाने हाक मारली की ‘जागीच होते’ असे खोटे सांगायचे, म्हणजे तो पुढच्या वेळी हाक मारायला संकोचणार नाही. शेजारणीसमोर किंवा भावासमोर मात्र याच व्यक्ती थकवा मोकळेपणाने बोलून दाखवत होत्या. आणि चौथ्या मुलाखतीतला तो एकच उतारा, ज्याच्यामुळे प्रश्न जोडला गेला, तो तर उलटच बोलत होता. ती बाई पतीसमोर मुद्दाम दमल्याचे दाखवत असे, कारण तसे केल्याशिवाय ते स्वतःच्या हाताने व्यायाम करायला तयार होत नसत. तो उतारा ‘लपवलेला थकवा’खाली कसा आला, याचे उत्तर नोंदीतच होते: पहिल्या फेरीत कोडचे नाव नुसते ‘थकवा’ होते आणि नाव बदलताना जुने उतारे पुन्हा वाचले गेले नव्हते. कोडचे नाव अरुंद केले की त्याखालचा प्रत्येक उतारा नव्या व्याख्येसमोर पुन्हा ठेवावा लागतो, आणि घाईत नेमकी हीच पायरी गळते.

बैठकीत थीमचे नाव बदलून ‘थकवा कोणाला दिसू द्यायचा’ असे झाले. व्याख्येत लपवणे आणि दाखवणे ही दोन्ही टोके आली आणि चौथी मुलाखत अपवाद न राहता थीमच्या मध्यभागी बसली. खरा वाद ‘१२ पैकी ८’वरून झाला. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना तो आकडा हवा होता, कारण परीक्षकांना आकडे आवडतात. हे दुर्दैवाने खरे आहे, पण छेदातले १२ जण एकसारखे नव्हते. निम्म्यांना प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांचे मौन म्हणजे नकार नव्हे. शेवटी वाक्य गेले आणि त्याजागी कोणत्या मुलाखतीपासून कोणता प्रश्न जोडला हे कार्यपद्धतीच्या भागात लिहिले.

ऑडिट ट्रेल, म्हणजे निष्कर्षापासून मूळ सामग्रीपर्यंत मागे जाता येईल अशा नोंदींची साखळी, ही कल्पना १९८५ साली लिंकन आणि गुबा या संशोधकांनी सविस्तर मांडली, तेव्हा त्यांच्या यादीत कच्च्या सामग्रीबरोबर साधने कशी घडत गेली याच्या नोंदीही होत्या. पुष्कळ संशोधक हा भाग सोडून देतात आणि अहवाल लिहिताना स्मरणावरून एक नीटस आकृती काढून तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. आमच्याकडे मार्गदर्शिकेच्या तारीखवार प्रती नसत्या, तर ती वाटणी मला योगायोगच वाटली असती.

न सुटलेली गोष्ट दहाव्या मुलाखतीतली आहे. तिथेही तोच प्रश्न विचारला गेला, ‘नाही’ असे उत्तर आले, आणि मग ट्रान्सक्रिप्टमध्ये बराच वेळ शांततेची खूण आहे. त्यानंतर आईला रात्री कूस बदलून देतानाचा एक सविस्तर, कुणीही न मागितलेला प्रसंग येतो. मी त्याला ‘विचारल्यावर’ असे लिहिले, माझ्या सहकारी मैत्रिणीने ‘आपणहून’ असे लिहिले. आम्ही एकमत केले नाही. दोन्ही खुणा आणि दोघींची कारणे नोंदीत तशीच ठेवली आहेत. वर दिलेल्या आकड्यांत तो उतारा माझ्या बाजूने मोजला आहे, आणि अहवालात थीमच्या समर्थनार्थ तो आम्ही उद्धृत केलेला नाही.